बाबांना व्याजाची नोटीस आलीय, बँकेचा आकडा आणि रिटर्नमधला आकडा जुळत नाही, उत्तर कसं द्यायचं?

जुळे_सोलापूरकर · 8 डिसेंबर 2025

नमस्कार मंडळी. बाबा माध्यमिक शाळेतून निवृत्त, वय 71, आई-बाबा दोघंच सोलापुरात असतात आणि मी पुण्यात. परवा बाबांच्या ईमेलवर इन्कम टॅक्सची नोटीस आलीय, कलम 133(6) लिहिलंय, आर्थिक वर्ष 2023-24 बद्दल. म्हणणं असं की बँकांनी कळवलेलं व्याज 2,26,000 आणि रिटर्नमध्ये दाखवलेलं 38,000, तर 1,88,000 चा फरक का आहे ते सांगा.

बाबा दोन दिवस झाले नीट जेवले नाहीत, आयुष्यात कधी कुणाचा रुपया बुडवला नाही आणि आता चोर ठरवतात की काय असं म्हणतायत. रिटर्न ओळखीतल्या एकाने भरून दिलं होतं, तो आता फोन उचलत नाही.

मी बसून एफडीच्या पावत्या काढल्या. बाबांची पेन्शन वर्षाला 6,30,000. सेव्हिंगचं आणि एका छोट्या एफडीचं मिळून 38,000 व्याज रिटर्नमध्ये आहे. मग एक वीस लाखाच्या आसपासची मोठी एफडी आहे, एप्रिल 2023 ला टाकलेली, पाच वर्षांची, व्याज शेवटी एकदमच मिळणार, तिचं 1,42,000 बँकेने कळवलंय. बाबांचं म्हणणं हातात एक रुपया आला नाही तर टॅक्स कशाचा. आणि तिसरी एफडी आईच्या पैशाची आहे, पण जॉइंट आहे आणि पहिलं नाव बाबांचं, तिचं 46,000.

रिटर्न नवीन रिजीमचं होतं, टॅक्स शून्य आला होता आणि 14,200 रिफंडसुद्धा मिळाला होता. उत्तरात काय लिहू? उत्तर द्यायला पंधरा दिवस दिलेत.

शेंगाचटणी

अरे घाबरू नको बे, सगळ्यांना येतायत. एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या आपल्या वार्षिक माहितीच्या पत्रकात, एकच व्याज दोन-दोनदा येतं, एकदा टीडीएसच्या रकान्यात आणि एकदा बँकेच्या वार्षिक माहितीत, माझ्या सासऱ्यांचं पण तसंच झालेलं. तू सरळ एआयएस उघड आणि प्रत्येक ओळीवर `Information is denied` टाक, विषय संपला. आणि बाबा सीनिअर सिटिझन आहेत ना, 50,000 पर्यंतचं व्याज तसंही माफ असतं.

लेजर_वही

शेंगाचटणी, दोनदा येतं हे बरोबर आहे पण त्यापुढचं करू नका, त्याने हा मुलगा अडचणीत येईल.

जुळे_सोलापूरकर, आधी नोटीस खरी आहे का ते बघा. ईमेलमधली लिंक दाबू नका. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन न करताच `Authenticate Notice/Order Issued by ITD` असं मिळतं, तिथे नोटिशीवरचा डीआयएन नंबर टाकायचा. मग बाबांच्या लॉगिनने `Pending Actions` मध्ये `e-Proceedings` आणि `Compliance Portal` दोन्हीकडे बघा, खरी असेल तर यापैकी एका ठिकाणी दिसेलच.

आता denied बद्दल. ते दाबलं की ती माहिती परत बँकेकडे जाते, बँक स्वतःचं रेकॉर्ड बघून हो बरोबर आहे म्हणून कळवते, आणि मग डिपार्टमेंटकडे असं चित्र तयार होतं की माणूस स्वतःची एफडीच नाकारतोय. denied फक्त तेव्हाच, जेव्हा खातंच आपलं नाही. आणि दोनदा मोजलंय का हे बघायला एआयएसच्या शेजारी टीआयएस, म्हणजे त्याचाच सारांश असतो तो उघडा, तिथे `Processed by System` हा आकडा एकच ओळ दोनदा आलेली असेल तर ती काढून टाकून दाखवतो. तुमच्या पावत्यांची बेरीज 38 अधिक 142 अधिक 46 म्हणजे 226 हजार बरोबर येतेय, म्हणजे इथे डबल काही नाही.

50,000 ची सूट म्हणजे 80टीटीबी, ती जुन्या रिजीममध्ये. यांनी नवीन रिजीम घेतलीय, तिथे ती मिळत नाही. आता मागे जाऊन 2023-24 साठी जुनी रिजीम घेता येणार नाही आणि यांच्या आकड्यांवर ती महागच पडली असती.

कन्नाचौक

माझीपण हीच तक्रार आहे. मी दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेत जाऊन फॉर्म 15एच भरून देतो, मॅनेजरच म्हणले होते काका आता तुमचा टॅक्स कटणार नाही, निवांत राहा. तरी मला मागच्या महिन्यात एसएमएस आला की तुमच्या व्याजाची माहिती जुळत नाही. मग फॉर्म भरून उपयोग काय? यंत्रमागाच्या धंद्यातून बाहेर पडलो आणि जे पैसे होते ते एफडीत टाकले, त्यावरच घर चालतं.

निवृत्त_बँकवाला

कन्नाचौक साहेब, 15एच दिला म्हणजे बँक टीडीएस कापत नाही एवढंच. व्याज माफ होत नाही आणि बँक ते कळवायचं थांबवत नाही. मी तेहतीस वर्षं काउंटरच्या या बाजूला होतो, हा गैरसमज रोज बघितलाय आणि आमच्यातलेच लोक तो वाढवतात याचं मला वाईट वाटतं. तुमचं एकूण उत्पन्न टॅक्सच्या खाली असेल तर रिटर्नमध्ये व्याज दाखवा, टॅक्स शून्य येईल, फरक राहणार नाही.

जुळे_सोलापूरकर, बाबांच्या मोठ्या एफडीबद्दल बँकेच्या बाजूने काय होतं ते सांगतो. व्याज शेवटी देणार असलो तरी दर तिमाहीला ते एफडीत जमा होऊन मुद्दल वाढतं, आणि 31 मार्चला वर्षभराचं साठलेलं व्याज आम्ही तुमच्या पॅनवर लावून पाठवतो, एआयएसमध्ये ते `SFT-016(TD)` असं दिसतं. त्याच रकमेवर 10 टक्के टीडीएस कापतो. 1,42,000 चे 14,200, म्हणजे तुमच्या रिफंडचा आकडा तोच आहे बघा! बाबांच्या हातात व्याज आलं नाही हे खरं, पण त्यावर कापलेला टॅक्स मात्र रिफंड म्हणून हातात आलाय.

आईच्या एफडीवर टीडीएस कापलेला नसणार, कारण त्या वर्षी सीनिअरसाठी मर्यादा एका बँकेत 50,000 होती आणि तिथे व्याज 46,000. पण टीडीएस नाही म्हणजे बँकेने कळवलं नाही असं नसतं. जॉइंट एफडीत आम्ही पहिल्या नावाच्या पॅनवरच टाकतो, पैसा कुणाचा हे सिस्टीम विचारत नाही.

जुळे_सोलापूरकर

बापरे, 14,200 चा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. म्हणजे रिटर्न भरणाऱ्याने टीडीएस आपोआप आलेला तसाच ठेवला आणि व्याज मात्र टाकलंच नाही?

नोटीस खरी आहे, डीआयएन जुळला.

लेजर_वही

हो, आणि कॉम्प्युटरला हेच सगळ्यात आधी दिसतं. टीडीएस क्लेम केलाय पण ज्यावर कापला ते उत्पन्न कुठेच नाही.

मीनल_ॲडव्होकेट

इथे मला थोडं वेगळं म्हणायचंय. कलम 145 प्रमाणे इतर उत्पन्नासाठी रोख पद्धत वापरायची मुभा आहे, व्याज हातात येईल त्या वर्षी दाखवायचं. बाबांनी आधीपासून तसंच केलं असेल तर 2023-24 मध्ये 1,42,000 दाखवायची सक्ती नाही, 2028 ला एफडी मोडेल तेव्हा सगळं दाखवतील. उत्तरात तेच लिहावं, उगाच टॅक्स का भरायचा? डिपार्टमेंटने विचारलं की मान तुकवायची ही सवय मला पटत नाही.

लेजर_वही

मीनलताई, कायदा तुम्ही बरोबर सांगताय, रोख पद्धत आहे. पण या केसमध्ये ती वाट यांनी स्वतःच बंद केलीय. टीडीएसचं क्रेडिट त्या वर्षी मिळतं ज्या वर्षी ते उत्पन्न टॅक्सला येतं, नियम 37बीए तसं सांगतो. यांनी क्रेडिट घेतलं, रिफंड घेतला, आणि आता म्हणायचं उत्पन्न 2028 चं आहे, हे जुळत नाही. टीडीएस तसाच पुढे ढकलला असता तर मीही तुमच्यासारखंच भांडलो असतो.

दुसरं व्यवहाराचं. पाच वर्षांचं व्याज मिळून आठ लाखाच्या वर जाईल, ते एका वर्षात पेन्शनच्या डोक्यावर बसलं तर वरच्या स्लॅबमध्ये जाणार. आणि तोपर्यंत दरवर्षी बँक कळवणार, दरवर्षी फरक दिसणार, दरवर्षी हेच उत्तर टाइप करत बसायचं. 71 वर्षांच्या माणसाने हे का सोसावं?

मीनल_ॲडव्होकेट

रिफंड घेतलाय हा मुद्दा मान्य, तो पहिल्या पोस्टमध्ये वाचला होता पण त्या टीडीएसशी जोडला नव्हता. पण ज्यांनी टीडीएस क्लेम केला नाही त्यांनी हा मार्ग सोडू नये हे माझं मत कायम आहे.

शेंगाचटणी

मग आता करायचं काय ते सांगा की, पोरगं पंधरा दिवस मोजतंय.

लेजर_वही

सांगतो. फरकाचे आधी ढीग करायचे, मगच पोर्टलवर बोट लावायचं. यांच्याकडे दोन ढीग आहेत. 1,42,000 बाबांचंच आहे आणि राहून गेलंय, ते मान्य करायचं. 46,000 आईचं आहे म्हणतायत, ते सिद्ध करता येतं का बघायचं. संपूर्ण 1,88,000 मान्य करणं किंवा संपूर्ण नाकारणं, दोन्ही चूक.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक एकत्र गोंधळतात. एआयएसमधला फीडबॅक, नोटिशीचं उत्तर, आणि रिटर्न दुरुस्त करणं ही तीन वेगळी कामं आहेत. फीडबॅक दिला म्हणून नोटीस बंद होत नाही, आणि उत्तरात मान्य आहे असं लिहिलं म्हणून टॅक्स भरला जात नाही. मान्य केलेल्या भागासाठी अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू भरायला लागणार, कारण असेसमेंट वर्ष 2024-25 च्या साध्या रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत वाढवूनसुद्धा 15 जानेवारी 2025 लाच संपली.

133(6) ही नुसती माहिती मागणारी नोटीस आहे, असेसमेंट अजून चालू झालेलं नाही, म्हणून आयटीआर-यू ची दारं उघडी आहेत. 143(2) ची स्क्रुटिनी किंवा 148 ची नोटीस आली असती तर बंद. म्हणून ही नोटीस आत्ता आली हे एका अर्थी बरंच झालं, बाबांना सांगा.

हिशेब असा. पेन्शन 6,30,000 मधून स्टँडर्ड डिडक्शन 50,000 गेलं की 5,80,000. त्यात 38,000 आधी दाखवलेलं आणि 1,42,000 आता, झाले 7,60,000. सात लाखाच्या वर गेल्यामुळे 87ए ची रिबेट गेली, तिच्यामुळेच आधी शून्य आला होता. तीन ते सहा लाखावर 5 टक्के म्हणजे 15,000, त्यापुढच्या 1,60,000 वर 10 टक्के म्हणजे 16,000, एकूण 31,000 आणि 4 टक्के सेस धरून 32,240. टीडीएस 14,200 वजा होतो पण तेवढाच रिफंड आधी घेतलाय तो परत करायचा, म्हणून भरायचे 32,240 च. त्यावर 25 टक्के जादा टॅक्स 8,060. एकूण 40,300.

बाबा सीनिअर आहेत आणि धंदा नाही, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्स त्यांना लागू नाही, 234बी आणि 234सी चं व्याज बसत नाही. हे भरताना नीट बघा, कुणी ऑटोमॅटिक व्याज लावून दिलं तर विचारा का म्हणून.

25 टक्के हा दर 31 मार्च 2026 पर्यंत. त्यानंतर 50 टक्के, म्हणजे तोच हिशेब 48,360 वर जातो.

जुळे_सोलापूरकर

सर खूप खूप आभार. चाळीस हजार ऐकून बाबा आधी गप्प झाले, मग म्हणले भरून टाक पण माझं नाव स्वच्छ राहू दे. आईच्या 46,000 चं काय करू? तेही बाबांचं म्हणून दाखवून टाकलं तर प्रकरण एकदाचं मिटेल का?

भुईकोट

मीही हेच सांगणार होतो, दाखवून टाक. 46,000 वर 10 टक्के 4,600, सेस धरून 4,784, आणि 25 टक्के जादा धरलं तरी 5,980. सहा हजारासाठी आईची कागदपत्रं शोधत मोहोळ-बार्शी करण्यापेक्षा पैसे भरा आणि गड्ड्याच्या जत्रेआधी मोकळे व्हा. माझ्या मेव्हण्याने तसंच केलं, परत कुणी विचारलं नाही.

लेजर_वही

भुईकोट, आकडा तुमचा बरोबर आहे. पण आईच्या पैशावर बाबांनी टॅक्स भरला की कागदोपत्री तो पैसा बाबांचा होतो. उद्या भावंडांत वाटणीचा विषय आला किंवा आईने ती रक्कम स्वतःच्या नावे वेगळी टाकली तर हाच रिटर्न समोर ठेवतील. सहा हजार वाचतायत म्हणून मी सांगत नाही.

पण जुळे_सोलापूरकर, एक प्रश्न आधी विचारतो आणि खरं उत्तर द्या. आईचा पैसा म्हणजे नेमका कुठून आला? बाबांनीच आईच्या नावे दिलेला असेल तर कलम 64 प्रमाणे त्याचं व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरलं जातं, एफडीवर नाव कुणाचंही असो. तसं असेल तर 46,000 सुद्धा पहिल्या ढिगात जाईल.

आणि घाई करू नका अशासाठी सांगतोय की एका असेसमेंट वर्षाला आयटीआर-यू एकदाच भरता येतो. पुन्हा दुरुस्ती नाही. आईचं ठरल्याशिवाय सबमिट दाबू नका.

जुळे_सोलापूरकर

आईच्या माहेरची मोहोळकडची जमीन विकली तेव्हा तिच्या वाट्याचे आले होते. खरेदीखतात तिचं नाव आहे. पैसे आधी तिच्या एकटीच्या सेव्हिंगला जमा झाले आणि मग तिथून एफडी झाली. एफडीचा फॉर्म बाबांनी भरला म्हणून पहिलं नाव त्यांचं पडलं, तेव्हा कुणाला काय माहीत. पासबुक आहे पण 2019 ची पानं पुसट झालीत.

निवृत्त_बँकवाला

मग चांगलं आहे. पासबुकावर अडून बसू नका, शाखेत लेखी अर्ज द्या, आईच्या खात्याचं त्या महिन्याचं स्टेटमेंट आणि एफडी कुठल्या खात्यातून फंड झाली त्याची नोंद मागा. जुनं असेल तर थोडे पैसे आणि चार-पाच दिवस लागतात. शिवाय 2023-24 चं इंटरेस्ट सर्टिफिकेट दोन्ही बँकांचं घ्या, ते नोटिशीला जोडायला लागेल.

आणि एफडी रिन्यू होईल तेव्हा आईचं नाव पहिलं करून घ्या. काही बँका मध्येच नावांचा क्रम बदलून देतात, काही म्हणतात मोडून नवीन करा, मोडल्यावर व्याज कमी मिळतं म्हणून आधी विचारा. नाव बदलल्यावर 15एच आईच्या पॅनवर.

लेजर_वही

हा पैसा आईचाच. स्टेटमेंटमध्ये ती साखळी दिसली पाहिजे, जमिनीचे पैसे आले, खात्यात राहिले, एफडी झाली. मध्ये बाबांच्या खात्यातून फिरून आले असतील तरी ते स्पष्ट लिहा.

एआयएसमध्ये त्या एका ओळीवर `Information relates to other PAN/Year` निवडा आणि आईचा पॅन द्या. 1,42,000 च्या ओळीवर `Information is correct`. आईचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर 46,000 साठी तिला रिटर्न भरायची गरज नाही, पण विचारलं तर ते सांगायची तयारी ठेवा.

नोटिशीच्या उत्तरात लांबलचक काही नको, बाबा किती प्रामाणिक आहेत हेही नको, वाचणारा आकडे शोधत असतो. मी असं लिहिलं असतं:

"आर्थिक वर्ष 2023-24 साठी आपण दर्शवलेल्या रु. 2,26,000 व्याजापैकी रु. 38,000 मूळ विवरणपत्रात दाखवले आहे. रु. 1,42,000 हे माझ्या मुदत ठेवीवरील जमा झालेले व्याज अनवधानाने दाखवायचे राहिले. ते समाविष्ट करून अपडेटेड विवरणपत्र भरले असून पावती व चलन सोबत जोडले आहे. उर्वरित रु. 46,000 हे माझ्या पत्नीच्या स्वतःच्या निधीतून केलेल्या संयुक्त ठेवीवरील व्याज आहे. ठेवीत माझे नाव प्रथम असल्याने ते माझ्या पॅनवर नोंदले गेले आहे. खरेदीखत, पत्नीच्या खात्याचा उतारा व बँकेचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे."

इंग्रजीत टाका म्हणजे वाचणाऱ्याला सोपं. पंधरा दिवसांत आयटीआर-यू झाला नाही तर वाढीव मुदत मागा, पण गप्प बसू नका.

आता सगळ्यात तातडीचं, आणि हे नोटिशीत कुठेच लिहिलेलं नाही. ती एफडी 2024-25 मध्येपण चालू होती. यंदा सप्टेंबरमध्ये भरलेल्या रिटर्नमध्ये तिचं व्याज आहे का?

जुळे_सोलापूरकर · 11 डिसेंबर 2025

आत्ता उघडून बघितलं. नाहीये. त्याच माणसाने भरलंय, इतर व्याज 41,000 फक्त, आणि टीडीएस मात्र यावेळीपण क्लेम केलाय. रिफंड अजून आलेला नाही.

लेजर_वही

मग आधी हे करा, नोटीस नंतर. असेसमेंट वर्ष 2025-26 चं रिव्हाइज्ड रिटर्न 31 डिसेंबर 2025 पर्यंत भरता येतं, त्यात जादा 25 टक्के वगैरे काही नाही, फक्त निघेल तो टॅक्स. 1 जानेवारी उजाडला की तोच फरक आयटीआर-यू मध्ये जाईल आणि 25 टक्के महाग होईल. रिफंड आला नाही हेही बरंच, परत करायची कटकट नाही.

एफडीचं त्या वर्षीचं व्याज बँकेच्या सर्टिफिकेटवरून घ्या, मागच्या वर्षीचा आकडा उचलू नका, व्याजावर व्याज चढल्याने तो थोडा मोठा असणार.

कन्नाचौक

लेजर सर माझं पण सांगा ना, मला नोटीस नाही नुसता एसएमएस आहे, आणि मी दोन वर्षं रिटर्नच भरलेलं नाही. व्याज सगळं मिळून तीन लाख दहा हजार येतं, वय 66.

लेजर_वही

कन्नाचौक काका, तुमचं वेगळं प्रकरण आहे, फरक दुरुस्त करायचा नाही तर रिटर्नच भरायचं आहे. कुठल्या वर्षाबद्दल एसएमएस आहे, पोर्टलवर `e-Campaign` मध्ये दिसतंय का आणि बँकेने टीडीएस कापला होता का, हे टाकून वेगळा धागा काढा, तिथे बघू. 2024-25 चं असेल तर तुम्हालाही 31 डिसेंबरच लागू आहे.

शेंगाचटणी

माझ्या सासऱ्यांचं मी denied टाकलंय मागच्या वर्षी. आता काय?

लेजर_वही

आजच उघडून बघा. त्या ओळीखाली बँकेकडून खात्री झाली का हे आता एआयएसमध्ये दिसतं. व्याज खरंच त्यांचं असेल आणि दुसऱ्या ओळीत मोजलेलं असेल तर फीडबॅक बदलून `Information is duplicate/included in other information` करा, फीडबॅक बदलता येतो. दुसऱ्या ओळीत मोजलेलं नसेल तर रिटर्न दुरुस्त करायला लागेल.

जुळे_सोलापूरकर · 22 डिसेंबर 2025

अपडेट देतो. मी चार दिवस रजा टाकून सोलापूरला आलो. 2025-26 चं रिव्हाइज्ड रिटर्न भरून व्हेरिफाय झालं. बँकेने आईच्या खात्याचं 2019 चं स्टेटमेंट दिलं, त्यात जमिनीचे पैसे आलेली एंट्री आणि नऊ दिवसांनी एफडीला गेलेली एंट्री एकाच पानावर आहे, ते पान बघून आई म्हणली हे फ्रेम करून ठेव.

40,300 चं चलन भरलं, आयटीआर-यू मध्ये कारण `Income not reported correctly` निवडलं, आधार ओटीपीने व्हेरिफाय केलं. एक अडचण आली, सॉफ्टवेअर आधी जुना रिफंड धरतच नव्हतं आणि 14,200 कमी दाखवत होतं. रिफंडची रक्कम वेगळ्या रकान्यात टाकल्यावर लेजर सरांच्या आकड्याशी जुळलं. ज्यांना रिफंड मिळालाय त्यांनी तो रकाना बघाच.

नोटिशीचं उत्तर पाच पीडीएफ जोडून काल सबमिट केलं. स्टेटस `Submitted` दिसतंय, पुढे काही आलेलं नाही.

भुईकोट

छान केलंस. पण आईच्या 46,000 ला अधिकारी नाही म्हणला तर? आयटीआर-यू तर एकदाच.

लेजर_वही

नाही म्हणला तर त्या 46,000 पुरती ते पुढची कारवाई काढू शकतात, मग खरेदीखत आणि स्टेटमेंट घेऊन तिथे मांडायचं. माझ्या अनुभवात पैशाची साखळी कागदावर असली की बहुतेक वेळा मान्य होतं, पण सगळे अधिकारी सारखं बघत नाहीत, पहिलं नाव ज्याचं त्याचं उत्पन्न असं म्हणणारेही मी बघितलेत. त्या पाच पीडीएफ आणि सबमिशनची पावती जपून ठेवा.

मीनल_ॲडव्होकेट

आणि तसं झालंच तर मला मेसेज करा, पहिल्या नावाच्या मुद्द्यावर लढायला मी तयार आहे.

जुळे_सोलापूरकर

नक्की करतो ताई. उत्तर आलं की इथे टाकेन. एफडीचं नाव बदलायला उद्या सकाळी आईला घेऊन शाखेत जातोय, त्यांनी दोघांनाही पॅन आणि आधार घेऊन या म्हणलंय.